किती दिवसांनी आला, हा रकाना

सर्जनच्या ऑफिसातून पत्र आलं. रुग्णाच्या वॉरफरिनच्या सर्व मात्रा आणि आयएनआरचे सर्व आकडे, तारीखवार, लक्ष्य पल्ल्यासह आणि वाचता येईल अशा अक्षरात पाठवावेत. शेवटची अट वाचून मला गंमत वाटली. ती घालणाऱ्या सर्जनची स्वतःची सही पावसात भिजलेल्या कोळिष्टकासारखी होती.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या दवाखान्यात मी नोंदणी कारकून आहे. दवाखाना म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सिस्टर बोटाला टोचतात, एक थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतात आणि आयएनआर सांगतात, म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती वेळ घेतंय त्याचा आकडा. तो फार चढला तर माणूस आतल्या आत रक्त सांडतो. फार उतरला तर रक्ताची गुठळी होते, आणि ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्याच्या झडपेवरच ती बसते. आकडा बघून मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, गोळीचा डोस ठरवतात. मागच्या खोलीत मी पुढची तारीख लिहितो. माणसाचा जीव चढ आणि उतार यांच्या मधल्या फटीत टिकवायचं काम पुढे चालतं आणि त्याला तारीख द्यायचं मागे.

पत्रातला रुग्ण म्हणजे आमचे काटेकाका. हे त्यांचं आडनाव नव्हे. सरकारी वजनमाप खात्यात ते बत्तीस वर्षं तपासनीस होते, दुकानादुकानांत जाऊन तराजूचे काटे तपासायचे. अजूनही यंत्राचा आकडा आला की विचारतात, ‘‘सिस्टर, हे शेवटचं कधी तपासून घेतलंत?’’ आणि सिस्टर म्हणतात, ‘‘काका, तुमचं बोट शेवटचं कधी तपासलंत ते सांगा, दगड झालाय नुसता.’’

अडीच वर्षांपूर्वी त्यांची झडप बदलली. आता हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. गोळी पाच दिवस आधी थांबवणार, तेवढ्यापुरती इंजेक्शनं देणार, आणि ऑपरेशननंतर गोळी पुन्हा ‘नेहमीच्या डोसवर’ सुरू करणार. तो नेहमीचा डोस कोणता, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं.

काकांची दोन पिवळी नोंदीची पुस्तकं घेऊन मी बसलो. गेल्या अडीच वर्षांत आमच्याकडे सहा डॉक्टर येऊन गेले, आणि अक्षराच्या बाबतीत एकानेही आधीच्याला मान खाली घालायला लावली नाही. एका ठिकाणी ‘तेच चालू’ असं लिहिलं होतं. तेच म्हणजे काय, हे शोधायला तीन पानं मागे गेलो तर तिथेही ‘तेच चालू’. एका ठिकाणी नुसता वर जाणारा बाण. एका ठिकाणी ‘दीड’, पण दीड गोळी की दीड मिलिग्रॅम, आणि गोळी असेल तर एकची, तीनची की पाचची, हे देवालाच ठाऊक. एक आयएनआर अठ्ठावीस होता. अठ्ठावीस आयएनआर असलेला माणूस पुढच्या मंगळवारी हसत येत नाही, म्हणून तिथे दशांशचिन्ह राहिलं असं मी धरलं आणि यंत्राच्या नोंदीतून खात्री करून घेतली.

सगळ्यात घोळ लक्ष्य पल्ल्याचा. पहिल्या पुस्तकात अडीच ते साडेतीन. दुसऱ्या पुस्तकाच्या कव्हरवर दोन ते तीन. पुस्तक घेऊन मॅडमकडे गेलो.

‘‘कुठली झडप आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मायट्रल. कृत्रिम. डिस्चार्जच्या कागदावर आहे.’’

‘‘मग अडीच ते साडेतीन. कव्हर कुणी भरलं?’’

‘‘जे बदलून गेले त्यांनी.’’

‘‘आपल्याकडे सगळं बदलून गेलेल्यांनीच केलेलं असतं,’’ मॅडम म्हणाल्या, कव्हरवरच्या आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी योग्य पल्ला लिहिला, सही केली, तारीख टाकली. खोडरबर आमच्याकडे चालत नाही. चूक दिसत राहिली पाहिजे असा नियम आहे. माझ्या आयुष्यात तो मला वेगळा पाळावा लागत नाही.

मी मोठा कागद घेतला आणि रकाने आखले. तारीख. आयएनआर. लक्ष्य पल्ला, प्रत्येक ओळीत, म्हणजे कुणाला कव्हर बघायला जायला नको. रोजचा डोस, गोळ्यांत नव्हे तर मिलिग्रॅममध्ये. आठवड्याची बेरीज. डोस बदलला असेल तर किती टक्के. चुकलेल्या गोळ्या. शेरा. एवढं करूनही उजवीकडे चार बोटं जागा उरली. मोकळी जागा मला बघवत नाही. घरी ती पुष्कळ आहे. म्हणून मी आणखी एक रकाना आखला : मागच्या वेळेपासून किती दिवसांनी आला. सर्जनने तो मागितला नव्हता.

तीन दुपारी लागल्या. घाई नव्हती. बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे घरी कुणी खोळंबलेलं नसतं.

लॉग पूर्ण झाला तेव्हा मी तो भिंतीला टेकवून उभा केला आणि लांबून पाहिला.

पहिले आठ महिने अगदी सरळ. तेव्हा काकांची मुलगी त्यांच्याकडे राहत होती. रोज सहा मिलिग्रॅम, आठवड्याला बेचाळीस. आयएनआर दोन पूर्णांक आठ, तीन, दोन पूर्णांक नऊ. आम्ही तारखा लांबवत नेल्या. एक आठवडा, दोन, चार, सहा. मग मुलगी परत गेली, दोन विमानं बदलावी लागतात इतकी लांब. त्यानंतरच्या भेटीला आयएनआर एक पूर्णांक नऊ. शेरा : दोन गोळ्या विसरल्या. डोस तोच, सात दिवसांनी बोलवा. सात दिवसांनी दोन पूर्णांक सात. छान. पुढे दोन आठवडे, मग चार. चार आठवड्यांनी एक पूर्णांक आठ. चुकलेल्या गोळ्या : नाही. म्हणून डोस वाढवला, बेचाळीसचे साडेपंचेचाळीस. सात दिवसांनी परत छान. चार आठवड्यांनी परत खाली. एकोणपन्नास. मग छप्पन्न. मग त्रेसष्ट. आज रोज नऊ मिलिग्रॅम. आणि गेल्या महिन्यातल्या भेटीत पुन्हा एक पूर्णांक नऊ, सात दिवसांनी पुन्हा ठीक, आणि मॅडमचा शेरा : ऑपरेशननंतर दहा करून बघू.

पुस्तकात पानापानानं बघितलं तर प्रत्येक निर्णय बरोबर होता. आकडा खाली, डोस वर. लांबून बघितल्यावर मात्र दोन गोष्टी दिसल्या. मुलगी गेल्यापासून चार आठवडे किंवा त्याहून लांबच्या तारखेला काका सहा वेळा आले होते, आणि सहाच्या सहा वेळा आकडा खाली होता. सात आणि चौदा दिवसांच्या तारखांना तो एकदाही खाली नव्हता. आणि दुसरी गोष्ट अशी की डोस दीडपट झाला तरी मधले चांगले आकडे जिथल्या तिथेच होते. बेचाळीसवर दोन पूर्णांक आठ, त्रेसष्टवरही दोन पूर्णांक आठ. शरीर असं वागत नाही. असं फक्त माणूस वागतो.

आणखी एक तिसरी गोष्ट होती. पुस्तकातल्या सगळ्या ‘सात दिवसांनी’ माझ्या अक्षरात होत्या. तेवढ्याच नीट वाचता येत होत्या.

हे सांगून टाकलेलं बरं. सात दिवसांनी येणाऱ्या काटेकाकांना मी नेहमी मंगळवारचा शेवटचा नंबर देत असे. शेवटच्या नंबरामागे कुणी उभं नसतं. मग ते माझ्या खोलीत बसायचे, मी किटली लावायचो, आणि ते मला सांगायचे की कुठला दुकानदार पारड्याखाली चुंबक कसा लावायचा. आठवड्यातलं माझं सगळ्यात लांब संभाषण ते. बाकीची ‘पुढे व्हा’ आणि ‘सही इथे’ अशी असतात.

पुढच्या मंगळवारी काका आले. सिस्टरांनी टोचलं. दोन पूर्णांक नऊ. ते मागच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले, काठी कपाटाला टेकवली.

‘‘काय रेकॉर्डवाले, आमची पत्रिका झाली का मांडून?’’

‘‘झाली. तपासून द्या.’’

त्यांनी चष्मा बदलला. तपासायला सांगितलं की त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण व्हायचा. बोट ओळीवरून सरकत होतं. ‘‘इथे पंचेचाळीस लिहिलंय. एक दिवस सहा, एक दिवस सात, म्हणजे एका आठवड्यात पंचेचाळीस होतील आणि पुढच्यात शेहेचाळीस. सरासरी साडेपंचेचाळीस. अर्धा खाल्लात तुम्ही.’’

‘‘दुरुस्त करतो.’’

‘‘रेघ मारा. खोडू नका.’’

‘‘माहितीये हो काका.’’ मी रेघ मारली. मग पेन्सिल शेवटच्या रकान्यावर ठेवली. ‘‘हाही तपासा.’’

त्यांनी वाचलं. बेचाळीस दिवस, खाली. अठ्ठावीस दिवस, खाली. अठ्ठावीस, खाली. बोट तिसऱ्या ओळीला थांबलं आणि पुढे गेलं नाही.

‘‘हा रकाना कुणी मागितला होता?’’

‘‘कुणी नाही. जागा उरली होती.’’

‘‘जागा उरली म्हणून काहीही आखायचं?’’

पुढच्या खोलीत सिस्टर वापरलेल्या सुयांचा डबा बंद करत होत्या, त्याचा आवाज आला.

‘‘पहिल्या वेळी खरंच विसरलो होतो,’’ काका म्हणाले. ‘‘पोरगी गेली, आणि दोन दिवस लक्षातच नाही राहिलं. आलो तर सगळे गोळा झाले. सिस्टर रागावल्या. मॅडमनी जेवण काय, झोप कशी, सगळं विचारलं. तुम्ही चहा केलात. आणि म्हणालात, सात दिवसांनी या. सात दिवसांनी या असं मला कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, सांगा.’’

‘‘आणि नंतरच्या पाच वेळा?’’

‘‘तपासणीच्या आधीच्या दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. तीन सोडल्या तर फार खाली जातं, एक सोडली तर मॅडम दुर्लक्ष करतात. दोन बरोबर.’’ यात थोडा अभिमान होता, लपवलेला, पण पूर्ण लपला नव्हता.

‘‘आणि एरवी? नऊ घेता?’’

‘‘वेड लागलंय का मला? सहा. पहिल्यापासून सहाच. मला माझं माप माहीत नाही? वाढवून दिलेल्या तीनच्या गोळ्या सगळ्या डब्यात आहेत. मोजून. एकशे शहाऐंशी.’’

‘‘काका, त्या दोन दिवसांत झडपेवर गुठळी बसली असती म्हणजे?’’

‘‘बसली असती तर तुमच्याकडेच आलो असतो.’’

‘‘आला नसतात. आणला असता. बोलताही आलं नसतं कदाचित.’’

ते खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची भिंत आहे. बघण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून ती सोयीची आहे.

‘‘हे बघा,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘तुम्ही नऊ लिहून द्या. पुस्तकात नऊच आहे. तुम्ही पुस्तकाबाहेरचं काही लिहीत नाही आहात. ऑपरेशन उरकेल, मी घरी येईन, परत सहा घेईन. कुणाचं काय बिघडलं?’’

‘‘वॉर्डात डबे नसतात काका. सिस्टर गोळ्या हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात.’’

‘‘मग जिभेखाली धरीन तीनची.’’

‘‘भूल उतरतेय, पोटाला टाके आहेत, आणि तुम्ही जिभेखाली धरणार! एकही दिवस चुकणार नाही?’’

‘‘माझ्या हातून माप चुकत नाही.’’

‘‘ऑपरेशननंतर रोज नऊ गेले, वर ती इंजेक्शनं, तर आठवड्यात आकडा कुठल्या कुठे जाईल. ताज्या जखमेतून रक्त वाहत राहील आणि तिथले डॉक्टर म्हणतील, नेहमीचाच तर डोस दिला. आणि कागद दाखवतील. माझ्या अक्षरातला. वाचता येणारा.’’

काका म्हणाले, ‘‘आणि खरं लिहिलंत तर?’’

‘‘तर सहा देतील. जमेल सगळं.’’

‘‘ते नाही विचारत. त्यानंतर. सहावर आकडा हलणार नाही. मग कधी बोलवाल?’’

मला तारखांचा तक्ता पाठ आहे. आकडा टिकला की एक, दोन, चार, सहा; आणि बराच काळ टिकला की मॅडम बारा लिहितात.

‘‘बारा आठवड्यांनी,’’ मी म्हणालो.

‘‘वर्षातून चारदा,’’ काका म्हणाले. ‘‘पोरीचा फोन त्याहून जास्त येतो.’’ ते उठले, काठी घेतली. ‘‘लिहा मग. तुमची नोकरी आहे. पण माझ्यासाठी करतोय असं मनात आणू नका.’’

तो मंगळवार चहाशिवाय गेला.

ते गेल्यावर मी अर्धा तास कागदापुढे बसून राहिलो. स्वतःला फार सज्जन समजण्याची सवय लागलेल्या माणसाला असा अर्धा तास कठीण जातो. पुस्तकात नऊ आहे, तर नऊच लिहायचं. कारकून शोध लावत नाही, उतरवून घेतो. काकांनी जिभेखाली धरलीही असती तीनची, कुणी सांगावं. आणि मग मंगळवार चालू राहिले असते. हा शेवटचा मुद्दा यादीत कितवा आहे हे मी पाहिलं आणि तो पहिला आहे असं मला आढळलं.

म्हणून मी रोजच्या डोसच्या रकान्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘लिहून दिलेला’, उजवीकडे ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार घेतलेला’. डावीकडे बेचाळीस ते त्रेसष्टपर्यंतची शिडी. उजवीकडे वरपासून खालपर्यंत बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, आणि सहा ठिकाणी ‘दोन गोळ्या घेतल्या नाहीत’. मग उठलो आणि लॉग मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. ‘‘आणि मी दहा करणार होते,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. ‘‘असं का केलं त्यांनी?’’

‘‘त्यांना सात दिवसांनी यायचं होतं.’’

मॅडमनी याला कुठला शेरा लिहावा याचा विचार केला असावा. छापील यादीत आहार, प्रतिजैविकं, मद्य, विसराळूपणा एवढंच आहे. त्यांनी ‘अनियमित सेवन, कारण समजले, चर्चा केली’ असं लिहिलं.

ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं. डोस कागदावरही रोज सहा झाला. डबा मागवून घेतला. सिस्टरांनी मोजल्या तर एकशे शहाऐंशीच भरल्या. तीन मंगळवार काकांना बोलावलं, सगळे सरळ मार्गाचे. दोन पूर्णांक आठ. तीन. दोन पूर्णांक नऊ. पहिल्या मंगळवारी ते पुढच्या खोलीतूनच परत गेले. दुसऱ्या मंगळवारी दारात उभे राहून म्हणाले, ‘‘तो अर्धा नीट केलात ना?’’ आणि मी म्हणालो, केला. तिसऱ्या मंगळवारी येऊन बसले. मी किटली लावली. चुंबकाची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली आणि मी पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकलं. ऑपरेशनबद्दल दोघंही बोललो नाही.

ऑपरेशन झालं. वॉर्डात गोळी सहावर सुरू केली, आकडा पल्ल्यात येईपर्यंत इंजेक्शनं दिली, मग ती बंद केली. जखम कोरडी राहिली. सर्जनच्या ऑफिसातून उलट पत्र आलं : नोंद अत्यंत उपयुक्त होती. सही तीच.

त्यानंतर काटेकाका आमच्या दवाखान्याचे आदर्श रुग्ण झाले. एका आठवड्याने दोन पूर्णांक नऊ. दोन आठवड्यांनी तीन. चार आठवड्यांनी मी सिस्टरांच्या मागे जाऊन उभा राहिलो, यंत्राकडे बघत. तीन. सहा आठवड्यांनीही तीन, आणि पुढच्या सहा आठवड्यांनीही. मॅडम नव्या डॉक्टरांना तो लॉग दाखवतात, लक्ष्य पल्ला प्रत्येक ओळीत कसा लिहावा ते शिकवायला. शेवटचा रकानाही आता सगळ्यांच्या नोंदीत आखतात. छापून घेतलाय.

गेल्या भेटीत मॅडमनी बारा लिहिले. काका माझ्या खोलीत आले, बसले नाहीत. त्यांच्या नंबरामागे आता नऊ जण असतात. बारा आठवडेवाल्यांना सकाळची वेळ द्यायची असा नियम मीच केलेला आहे.

‘‘मधे कधी यावंसं वाटलं तर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काही त्रास झाला, रक्त आलं, नवीन औषध सुरू झालं, तर लगेच या.’’

‘‘आणि तसलं काही नसलं तर?’’

‘‘तर उत्तमच आहे की.’’

‘‘हो,’’ काका म्हणाले. ‘‘उत्तमच आहे.’’

मी तारीख लिहून दिली, स्वच्छ अक्षरात. त्यांनी ती वाचली, पुस्तक खिशात घातलं आणि मागच्या माणसाला वाट दिली.

त्यांचा पत्ता मला माहीत आहे. लॉगच्या डोक्यावर मीच लिहिलाय. दोन बस बदलून जावं लागतं. पण रुग्णाच्या नोंदीतली माहिती कामाव्यतिरिक्त वापरू नये असा आमच्याकडे लेखी नियम आहे, आणि मी नियमाचा माणूस आहे. हा नियम नसता तर मला त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि त्यांनी का आलात म्हणून विचारलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं.